जानेवारीतला धरायचा की एप्रिलमधला? जेईई मेन दोनदा देण्याचा हिशोब

एप्रिलच्या निकालाच्या दिवशी भाचीचा फोन आला, आवाज रडवेला. म्हणाली, मामा, जानेवारीत मला १४२ मार्क होते, आता १५५ पडले, १३ मार्क वाढले आणि पर्सेंटाईल मात्र कमी झाला, हे कसं काय. जानेवारीत ९५.१२ होता, एप्रिलमध्ये ९४.३१. मागून ताईचा आवाज येत होता, "अगं त्याला विचार की आता कुठला धरणार, कमी झाला म्हणजे नुकसान झालं का." मी सांगलीत अकरावी-बारावीच्या पोरांना मॅथ्स शिकवतो, त्यामुळे दरवर्षी हे दोन प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच, पण घरातल्याच पोरीने विचारल्यावर म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

आधी ताईच्या प्रश्नाचं उत्तर, कारण जीव तिथेच अडकलेला असतो. जेईई मेन वर्षात दोनदा होते, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, एनटीए घेते. दोन्ही दिल्या तर दोन्हीतला जो एनटीए स्कोर जास्त तोच रँकसाठी धरतात. सरासरी काढत नाहीत, शेवटचा धरत नाहीत, आणि दुसऱ्या वेळी कमी पडला म्हणून पहिल्यातलं काही कापतही नाहीत. म्हणजे भाचीचा स्कोर ९५.१२ च राहिला. एप्रिलची परीक्षा तिच्यासाठी झालीच नाही असं समजा, गेले ते फक्त फीचे ८०० रुपये (ओपनच्या मुलींना २०२५ ला एवढी होती, मुलांना हजार) आणि दोन महिन्यांचं टेन्शन.

आता तिचा प्रश्न, मार्क वाढले तर पर्सेंटाईल कमी का. इथे "एनटीए स्कोर" या शब्दामुळेच सगळा घोळ होतो. लोकांना वाटतं स्कोर म्हणजे मार्क. तसं नाहीये, एनटीए स्कोर म्हणजे पर्सेंटाईल, आणि पर्सेंटाईल म्हणजे टक्केवारी नाही. पेपर ३०० मार्कांचा, ७५ प्रश्न, बरोबरला ४ आणि चुकलं तर वजा १. हे मार्क नुसता कच्चा माल आहे. त्यावरून एनटीए एवढंच बघते की ज्या शिफ्टला तू बसलीस त्या शिफ्टमधल्या किती पोरांचे मार्क तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी आहेत. समजा शिफ्टला १ लाख पोरं होती आणि त्यातल्या ९५,१२० जणांना १४२ किंवा त्याहून कमी पडले, तर तुझा पर्सेंटाईल ९५.१२. झालं, एवढंच गणित. खरा निकाल दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत देतात, कारण इतक्या पोरांमध्ये दोन आकड्यांवर एकेका स्कोरला शंभर-दीडशे जण सापडतील.

आणि हे शिफ्टनुसार का, तर परीक्षा आठवडाभर चालते, दिवसाला सकाळ-दुपार दोन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. एखादा सोपा निघतो, एखाद्यात मॅथ्स असं काही लांबलचक येतं की पोरं बाहेर येऊन भिंतीला टेकून बसतात. अवघड पेपर सगळ्यांनाच अवघड गेला असणार, म्हणून १२० मार्कालाही ९५ मिळू शकतो, आणि सोप्या पेपरात १५० लाही मिळणार नाही. भाचीचं हेच झालं. एप्रिलमधली तिची शिफ्ट सोपी होती, तिचे १३ मार्क वाढले पण तिच्याबरोबरच्या गर्दीचे सरासरीने त्याहून जास्त वाढले, म्हणून ती रांगेत थोडी मागे सरकली. तेव्हा जानेवारीचे मार्क आणि एप्रिलचे मार्क शेजारी ठेवून बघायचेच नाहीत, त्या तुलनेला अर्थ नाही. दोन पर्सेंटाईलच शेजारी ठेवायचे.

या पद्धतीत एक गृहीतक आहे, की प्रत्येक शिफ्टला साधारण सारख्याच ताकदीची पोरं आलीयत. कोणाला कुठली शिफ्ट ते एनटीए ठरवते, पोरं निवडत नाहीत, त्यामुळे एकाच सेशनच्या आत हे बऱ्यापैकी खरं असतं. पण जानेवारी आणि एप्रिल या दोघांत? इथे मला स्वतःला जरा शंका आहे. २०२५ चे आकडे घ्या. जानेवारीत साधारण १२.५८ लाख पोरं बसली, एप्रिलमध्ये ९.९२ लाख, आणि दोन्ही मिळून वेगवेगळी माणसं मोजली तर १४.७५ लाख. बेरीज-वजाबाकी केली की कळतं, पावणेआठ लाखांनी दोन्ही दिल्या, जवळपास ४.८ लाख जानेवारीनंतर परत आलेच नाहीत, आणि सव्वादोन लाखांच्या आसपास फक्त एप्रिललाच उगवले. जे परत आले नाहीत त्यात दोन टोकांची पोरं असतात, एक तर ज्यांचं जानेवारीतच मस्त झालं ते, आणि दुसरे ज्यांना कळून चुकलं की हे आपलं काम नाही. दुसरे अर्थातच जास्त. म्हणजे रांगेच्या शेवटची बरीच पोरं घरी राहतात, आणि जी येतात त्यांचा अभ्यासही दोन महिन्यांनी पुढे गेलेला असतो. तरीसुद्धा जानेवारीचा ९५ आणि एप्रिलचा ९५ एकाच तागडीत तोलतात. मधल्या पट्ट्यातल्या पोरांना एप्रिलमध्ये नुसतं जागेवर टिकायलाही जानेवारीपेक्षा जास्त तयारी लागते असं माझं मत आहे, आणि "दोन महिने अभ्यास केला की दोन पर्सेंटाईल आपोआप वाढतात" असं जे क्लासवाले सांगतात ते म्हणून मला पटत नाही.

बरं, "जास्तीचा स्कोर धरतात" यातली अजून एक गोम. भाचीचा लगेच पुढचा प्रश्न तोच होता. जानेवारीत तिला मॅथ्सला ९१.४०, फिजिक्सला ९७.०५, केमिस्ट्रीला ९४.८०. एप्रिलमध्ये मॅथ्स उडी मारून ९६.२० आणि फिजिक्स आपटून ८८.६०. मग मॅथ्स एप्रिलचं घ्या, फिजिक्स जानेवारीचं घ्या, चालेल का? नाही चालत. बघायचा तो एकूण स्कोर, आणि ज्या सेशनचा एकूण जास्त ते सेशन अख्खंच्या अख्खं येतं, विषयांसकट. ही कल्पना बहुतेक अमेरिकेतल्या नातेवाईकांकडून येते, तिकडे एसएटी परीक्षेला बरीच कॉलेजं सुपरस्कोर करतात म्हणजे वेगवेगळ्या तारखांचे चांगले भाग उचलून एक बेरीज करतात, तर न्यू जर्सीची मावशी फोनवर तसं छातीठोक सांगते आणि इथे घरात अर्धा तास वाद. जेईईत ते नाही.

विषयांचे पर्सेंटाईल कामाला येतात ते टाय झाला तर. दोघांचा एकूण स्कोर सातव्या दशांशापर्यंत सारखा निघाला की आधी मॅथ्सचा स्कोर बघतात, मग फिजिक्स, मग केमिस्ट्री. आणि एक गंमत बघा, तीन विषयांची सरासरी म्हणजे एकूण नव्हे. वर भाचीचे जानेवारीचे तीन आकडे आहेत त्यांची सरासरी ९४.४२ येते, पण एकूण ९५.१२ आहे. चूक नाहीये. एकूण पर्सेंटाईल हा एकूण मार्कांवरून पुन्हा नव्याने काढतात, आणि फिजिक्सला पुढे असलेली बरीच पोरं केमिस्ट्रीत मागे पडतात, त्यामुळे तिन्हीत बऱ्यापैकी असणारी पोर एकूण रांगेत थोडी वर सरकते. दरवर्षी कोणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन माझ्याकडे येतं की सर, एनटीएने बेरीज चुकवली.

आता पर्सेंटाईलची रँक कशी होते. जानेवारीच्या निकालात रँक येतच नाही, नुसता पर्सेंटाईल येतो, कारण अजून अर्धी जनता परीक्षा द्यायचीय. एप्रिल संपला की प्रत्येकाचा चांगला स्कोर उचलायचा, सगळ्यांची एक रांग लावायची आणि ऑल इंडिया रँक द्यायची. ज्याने फक्त जानेवारी दिली त्यालाही एप्रिलच्या निकालाबरोबर रँक मिळते, "रँक हवी तर एप्रिल द्यावीच लागते" ही अफवा आहे, तिच्यापायी लोकांनी फी भरलेली मी पाहिलीय.

अंदाज काढायला घरगुती हिशोब: १०० मधून पर्सेंटाईल वजा करा, आणि त्या वर्षी एकूण जेवढी वेगवेगळी पोरं बसली त्याचे तेवढे टक्के काढा. भाचीचे ९५.१२, म्हणजे पुढे ४.८८ टक्के, १४.७५ लाखांचे ४.८८ टक्के म्हणजे साधारण ७२ हजार. हा हिशोब किती बरोबर येतो ते तपासायला एक खूण आहे. आयआयटीच्या प्रवेशासाठी मेननंतर जी जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागते, तिला बसायला २०२५ ला ओपनचा कटऑफ ९३.१० होता, आपल्या हिशोबाने त्या जागी रँक १ लाख २ हजारच्या आसपास यायला हवी, प्रत्यक्षात कटऑफच्या वर साधारण ९७ हजार पोरं होती. म्हणजे हजार-पाच हजार इकडेतिकडे, तिथे बरा चालतो. पण कॉलेजची लिस्ट लावताना शेवटी छापील रँकच घ्यायची, हा अंदाज फक्त एप्रिल द्यायची का नाही हे ठरवण्यापुरता.

आणि ते ठरवायचं कसं? स्कोरच्या बाजूने बघितलं तर दुसऱ्यांदा देण्यात शून्य धोका आहे, जास्तीचाच धरणार म्हटल्यावर. म्हणून सगळे सरसकट सांगतात "दोन्ही दे". पण धोका स्कोरला नसला तरी वेळ जातोच ना. बारावीचं स्टेट बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये, लगेच एप्रिलच्या सुरुवातीला जेईई, आणि मग राज्याची सीईटी. त्यात आपल्या पोरांपैकी बहुतेकांना शेवटी ॲडमिशन मिळते ती सीईटीवर, हे कोणी मोठ्याने म्हणत नाही. तेव्हा प्रश्न असा विचारायचा की एप्रिलमध्ये समजा जमलंच, तर दार कुठलं उघडतं?

भाचीचंच बघा. ९५.१२ वरून ती ९७.४० ला गेली असती तर रँक ७२ हजारावरून ३८ हजारच्या आसपास आली असती, जवळजवळ ३४ हजार पोरं मागे टाकून. ओपनला ७० हजारवर एनआयटीची चांगली ब्रँच कठीणच, ३८ हजारवर निदान यादी भरायला काहीतरी अर्थ येतो, त्यात नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा होम स्टेटला म्हणजे महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांना. तिने एप्रिल दिली ते माझ्या मते बरोबरच केलं, निकाल उलटा लागला हा भाग वेगळा. साधारण ९३ ते ९९ च्या पट्ट्यात एकेका पर्सेंटाईलला पंधरा हजारांच्या आसपास रँक असतात, तिथे दुसरा प्रयत्न खरोखर वसूल होऊ शकतो.

याउलट माझ्याच बॅचमधला एक ओपनचा मुलगा, जानेवारीत ८८. त्याने रात्रंदिवस करून एप्रिलमध्ये ९१ आणला. रँक पावणेदोन लाखांवरून एक लाख तेहेतीस हजारवर, आकडा केवढा मोठा वाटतो, ४४ हजार! पण उघडलं काय? ओपनला ॲडव्हान्स्डचा कटऑफ ९३ च्या वर, एनआयटी त्याला तेव्हाही नव्हती आताही नाही. तेच दोन महिने त्याने सीईटीच्या मॅथ्सला दिले असते तर पुण्यातल्या बऱ्या कॉलेजच्या यादीत वर आला असता, हे मी त्याला फेब्रुवारीत सांगितलं होतं पण तेव्हा घरचं वातावरण "अजून एक चान्स आहे ना" असं होतं. आता हाच ८८ ओबीसी नॉन क्रीमी लेयरच्या मुलाचा असेल तर हिशोब पूर्ण बदलतो, २०२५ ला त्यांचा कटऑफ ७९.४३ होता, ईडब्ल्यूएसचा ८०.३८, एससीचा ६१.१५, म्हणजे तो ॲडव्हान्स्डला आधीच पात्र आहे आणि एनआयटीच्या जागाही त्याच्या कॅटेगरी रँकवर बघायच्या. त्यामुळे शेजारच्याचा पर्सेंटाईल आणि त्याचा निर्णय आपल्याला चिकटवू नका.

वरच्या टोकाला, ९९.५ च्या पुढे, मी पोरांना उलट प्रश्न विचारतो, तुला आयआयटीच हवीय का? तर मग मेनचं काम झालं, आयआयटीचा प्रवेश ॲडव्हान्स्डच्या रँकवर, मेनचा पर्सेंटाईल तिथे मिळवत नाहीत, मेन फक्त दारातून आत सोडते पहिल्या अडीच लाखांना. ॲडव्हान्स्ड मे मध्ये. तिथे एप्रिलचा वेळ दे. पण ॲडव्हान्स्ड हुकली तर वरच्या एखाद्या एनआयटीतली चांगली ब्रँच हवी असं म्हणत असेल तर ९९.५ चा ९९.७ होणंही मोठं आहे, साडेसात हजारावरून साडेचार हजारवर.

जानेवारी द्यायची का, यावर मात्र मी फार डोकं लावत नाही. द्यायची. सिलॅबस पूर्ण झाला नाही म्हणून जानेवारी सोडणारी पोरं दरवर्षी असतात, आणि मग एप्रिलमध्ये नेमका ताप येतो नाहीतर शिफ्ट बिनसते आणि हातात दुसरा पत्ताच नसतो. अर्धवट तयारीवर आलेला ७० पर्सेंटाईल कोणी बघणार नाहीये.

मात्र "जास्तीचा धरतात" हे त्याच वर्षापुरतं. ड्रॉप घेतलेल्या पोरांचे पालक विचारतात, मागच्या वर्षी ९६ होता यंदा ९४ आला, मागचा धरतील ना? नाही धरत, मागच्या वर्षीचा त्या वर्षीच संपला. आणि एक चूक जी खरोखर महागात पडते ती म्हणजे एप्रिलसाठी दुसऱ्या ईमेलवरून नवीन अर्ज भरणं. जानेवारीचा ॲप्लिकेशन नंबर असेल तर त्यानेच लॉगिन करून सेशन दोनची फी भरायची. एका माणसाचे दोन वेगळे अर्ज सापडले तर एनटीए तो गैरप्रकार धरते, "सायबर कॅफेवाल्याने भरला" हे कारण तिथे ऐकत नाहीत.

रँक छान आली तरी बोर्डाचे मार्क विसरू नका. जोसा म्हणजे ज्या काउन्सेलिंगमधून एनआयटी, ट्रिपल आयटीच्या जागा वाटतात, तिथे बारावीला ७५ टक्के लागतात (एससी, एसटीला ६५) नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असावं लागतं. एप्रिलच्या जेईईच्या नादात केमिस्ट्रीचा बोर्डाचा पेपर हलका घेतलेली पोरं मग जून मध्ये टक्के मोजत बसतात.

आता आपल्या सीईटीचं. २०२६-२७ च्या प्रवेशापासून पीसीएम आणि पीसीबीची एमएचटी सीईटीसुद्धा दोनदा घ्यायचं राज्य सरकारने जाहीर केलं, एक एप्रिलमध्ये, दुसरी मे मध्ये, दुसरी ऐच्छिक, आणि दोन्ही दिल्या तर जास्तीचा पर्सेंटाईल धरायचा. तत्त्व जेईईचंच, पण मी सीईटीची दुसरी द्यायला पोरांना जास्त मोकळेपणाने सांगेन. एक तर मे मध्ये बोर्ड आणि जेईई मेन दोन्ही संपलेलं असतं, वेळ चोरावा लागत नाही. दुसरं, सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे, आणि मॅथ्सला नव्वद मिनिटांत पन्नास गणितं सोडवायची म्हणजे ही परीक्षा स्पीडची. पहिल्या वेळी शेवटचे दहा प्रश्न बघायचेच राहिले असं असेल तर तीन आठवडे घड्याळ लावून पेपर सोडवल्यावर फरक पडतो, जेईईसारखी नवीन समज तयार व्हायची वाट बघावी लागत नाही.

फक्त जेईई आणि सीईटीच्या पर्सेंटाईलची एकमेकांशी तुलना करू नका, गर्दी वेगळी आहे. राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राऊंडला बहुतेक जागा सीईटीच्या मेरिटवर आणि ऑल इंडियाच्या थोड्या जागा जेईई मेनच्या मेरिटवर जातात, म्हणजे दोन वेगळ्या रांगा, आणि पोरगं दोन्हीत उभं राहू शकतं. भाचीला मी तेच सांगितलं, तुझा ९५.१२ त्या रांगेत ठेव आणि आता सीईटीचं हॉल तिकीट डाउनलोड केलंस का ते बघ. म्हणाली, अजून नाही.